तरंगफलनाचे एकूण क्षेत्रफळ एक का असावे लागते

इलेक्ट्रॉन किंवा अणूची स्थिती सांगणारे तरंगफलन ψ श्रोडिंजरच्या समीकरणातून मिळते. मात्र ψ ही मोजता येणारी राशी नव्हे. तिचा अर्थ मॅक्स बॉर्न यांनी 1926 मध्ये लावला: ψ च्या मानाचा वर्ग म्हणजे कण त्या जागी सापडण्याच्या संभाव्यतेची घनता. कण कुठे ना कुठे सापडणारच, म्हणून या वर्गाचा आलेख सगळ्या अवकाशावर काढला तर त्याखालचे क्षेत्रफळ बरोबर एक भरले पाहिजे. या अटीला प्रसामान्यीकरण किंवा नॉर्मलायझेशन म्हणतात.

क्षेत्रफळ सात आले तर अडचण नसते. ψ ला √7 ने भागले की काम होते. समीकरण रेषीय असल्यामुळे भागलेले फलनही त्याचेच उत्तर राहते. क्षेत्रफळ अनंत आले, तर मात्र त्याला एकवर आणणारी कोणतीही संख्या नसते. मर्यादित पट्ट्यातले क्षेत्रफळ अनंताने भागायचे ठरवले, तर प्रत्येक पट्ट्याची संभाव्यता शून्य येते आणि कण कुठेच नाही असा निष्कर्ष निघतो. सरासरी स्थान, सरासरी ऊर्जा हे सगळे याच भागाकारावर उभे असल्याने तेही निरर्थक ठरते.

समीकरण स्वतः मात्र अशी उत्तरे नाकारत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूतले दोन अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे कंप पावतात. लहान कंपनांसाठी त्यांचे समीकरण सोयीच्या एककांत असे लिहिता येते:

ψ″ = (x² − 2E)ψ

इथे x म्हणजे अणूंमधील अंतर समतोलापासून किती ढळले ते, आणि E म्हणजे ऊर्जा. E ची कोणतीही किंमत घातली तरी या समीकरणाला उत्तर मिळते. x मोठे झाले की कंसातली राशी धन होते आणि उत्तरापुढे दोनच वाटा उरतात: e^(−x²/2) सारखे झपाट्याने विझणे किंवा e^(+x²/2) सारखे भडकणे. सर्वसाधारण उत्तरात दोन्हींचे मिश्रण असते, आणि भडकणाऱ्या वाटेचा अंश कितीही लहान असला तरी पुरेसे दूर गेल्यावर तोच वरचढ ठरतो.

E = 0.5 घेऊन x = 0 पाशी ψ = 1 आणि चढ शून्य ठेवून सुरुवात केली, तर उत्तर नेमके e^(−x²/2) येते. x = 3 पाशी ते 0.011 इतके उरते. आता ऊर्जा जराशी वाढवून 0.51 करावी. x = 2 पर्यंत फारसे काही बिघडलेले दिसत नाही: 0.135 ऐवजी 0.098. x = 3 पाशी मात्र ψ ऋण होऊन −0.27 वर पोहोचते, x = 4 पाशी −6 च्या खाली आणि x = 5 पाशी −400 च्याही खाली जाते. ऊर्जा 0.49 घेतली तर हीच पळापळ वरच्या दिशेने होते.

या उत्तराचा भौतिक अर्थ लावू पाहिल्यास विपरीत चित्र दिसते. x वाढत जाईल तसे अणूंना परत खेचणारे बल वाढते, पण संभाव्यतेचा जवळजवळ सगळा भार मात्र त्याच दूरच्या, दुर्गम भागात जाऊन बसतो. अणू रेणूत टिकून आहेत हे सांगणारे हे फलन नव्हेच.

संगणकावर ऊर्जापातळ्या शोधण्याची शूटिंग पद्धत या पळण्याच्या दिशेचाच उपयोग करते. 0.49 ला शेपूट वर जाते आणि 0.51 ला खाली, म्हणजे खरी पातळी त्या दोहोंच्या मध्ये आहे. मग तो टप्पा अर्धा करत जायचे. खऱ्या पातळीवरही आकडेमोडीतल्या सूक्ष्म चुकीमुळे शेपूट शेवटी पळतेच. त्यामुळे दूर कुठेतरी भडकलेला आलेख पाहून लगेच ऊर्जा चुकली असे ठरवू नये. ऊर्जा सूक्ष्मपणे बदलल्यावर दिशा पलटते का, हे पाहावे.

सम आणि विषम अशी दोन्ही प्रकारची उत्तरे तपासली, तर दोन्ही बाजूंना विझणारी उत्तरे फक्त E = 0.5, 1.5, 2.5… इथेच मिळतात. पुंजयांत्रिकीतल्या पायऱ्या येतात त्या इथून. समीकरणात पायऱ्या नाहीत. क्षेत्रफळ मर्यादित असावे ही अटच त्या घडवते. कार्बन मोनॉक्साइड सुमारे 4.7 मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश ठळकपणे शोषतो, तो सर्वांत खालच्या पायरीवरून पुढच्या पायरीवर चढताना.

मोकळ्या कणाची सपाट लहर हे प्रकरण वेगळे आहे. तिच्या मानाचा वर्ग सगळीकडे सारखाच असल्याने क्षेत्रफळ इथेही अनंत येते, तरी पाठ्यपुस्तके ती सर्रास वापरतात. ती भडकत नाही, हा निर्णायक फरक आहे. जवळजवळच्या संवेगांच्या अशा असंख्य लहरी योग्य प्रमाणात मिसळल्या की एका भागात एकवटलेला तरंगपुंज तयार होतो, आणि त्याचे क्षेत्रफळ मर्यादित असते. एकटी सपाट लहर कोणत्याही खऱ्या कणाची अवस्था नसते. खऱ्या अवस्था जिच्यातून बांधता येतात अशी ती सामग्री असते. E = 0.51 च्या भडकत्या उत्तराला हा दर्जा मिळत नाही, कारण कंपनाच्या सगळ्या स्वीकारार्ह अवस्था 0.5, 1.5, 2.5… या पायऱ्यांच्या फलनांतूनच पूर्णपणे बांधता येतात आणि भडकत्या उत्तरासाठी त्यांत जागाच उरत नाही.