केस आज गळतात, कारण तीन महिन्यांपूर्वीचं असतं

समजा, सप्टेंबरच्या मध्यात एका तरुणीला डेंग्यू झाला. आठवडाभर कडक ताप होता, अन्न जात नव्हतं. ऑक्टोबरात ती बरी होऊन कामावर रुजू झाली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केस धुताना हातात पुंजका आला, मग रोजच येऊ लागला. तोवर ताप विसरला गेलेला असतो, त्यामुळे संशय जातो तो नव्या शाम्पूवर किंवा बोअरच्या पाण्यावर. तेल बदललं जातं, महागडं सीरम येतं, आणि खरं कारण तसंच मागे राहतं.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले बहुतेक वाढीच्या अवस्थेत असतात आणि ही अवस्था दोन ते सहा वर्षं चालते. मग केसाची वाढ थांबते. पुढचे सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर टिकून राहतो आणि शेवटी गळतो. अशा विश्रांतीतल्या केसांचं प्रमाण एरवी दहा टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे दहा हजार केस शंभरेक दिवसांत गळायचे, दिवसाला शंभरच्या घरात. एवढी गळती निरोगी माणसाचीही होते.

मोठा ताप, शस्त्रक्रिया, खूप रक्तस्राव किंवा अन्नाचा अचानक तुटवडा यांमुळे वाढीतले कितीतरी केस एकदम विश्रांतीत जातात. हे प्रमाण तीस टक्क्यांवर गेलं, तर त्याच हिशेबाने दिवसाला तीनशे केस गळतील. पण विश्रांतीचे तीन महिने मध्ये असतातच, म्हणून सप्टेंबरच्या तापाची गळती डिसेंबरात दिसते. डॉक्टर याला ‘टेलोजेन एफ्लुवियम’ म्हणतात. बाळंतपणानंतर घडतं ते थोडं वेगळं. गरोदरपणात वाढलेल्या संप्रेरकांमुळे गळायचे केसही डोक्यावर थांबून राहतात. प्रसूतीनंतर ही पातळी झपाट्याने उतरते आणि दोन ते चार महिन्यांनी थांबलेले सगळे केस मिळून गळू लागतात. त्याचा दोष अंगावर पाजण्याला देऊन बाळाचं दूध तोडू नये.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो गळलेल्या केसाच्या टोकाचा पांढरा मणी. ‘केस मुळासकट येतायत’ असं रडवेल्या आवाजात सांगितलं जातं. तो मणी म्हणजे वाढ पूर्ण झालेल्या केसाचं सुकलेलं टोक. ज्यातून केस उगवतो ते बीजकोश त्वचेतच शाबूत असतात, आणि बऱ्याचदा खालून नवा केस वर येऊ लागलेला असतो. त्यामुळे टोकाला मणी असलेले, डोक्याच्या सगळ्या भागांतून सारखेच गळणारे केस हे या गळतीचं ओळखचिन्ह आहे. भीतीने केस धुणं टाळलं, तर सुटलेले केस डोक्यावरच साठतात आणि पुढच्या न्हाण्याला एकदम निघून आणखी घाबरवतात. नेहमीसारखं धुवावं, विंचरावं. जो केस आज फणीत आला, तो तसाही पडणारच होता.

कारण एकदाच घडून गेलं असेल, तर गळती साधारण सहा महिन्यांत आटोक्यात येते. पूर्ण टक्कल पडत नाही. तापामुळे झालेल्या गळतीला सहसा औषधाची गरज नसते, पुरेशी प्रथिनं असलेला आहार मात्र हवा. झटपट वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. डाएट चालूच राहिलं तर कारणही चालूच राहतं आणि गळती लांबते. अशा वेळी, तसंच पाळीत खूप रक्तस्राव होत असेल तर, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासून घ्यावा. थायरॉइडही पाहावं. इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

प्रत्येक गळती अशी निरुपद्रवी नसते. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले तर ती चाई असू शकते. भांग रुंदावत चालला असेल, टाळूला खाज किंवा पू असेल, केस मधूनच तुटत असतील किंवा सहा महिने उलटूनही गळती थांबत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. जाताना मागच्या चार महिन्यांत काय काय घडलं, कोणतं नवं औषध सुरू झालं किंवा बंद केलं, हे तारखांसह लिहून न्यावं. निदान बऱ्याचदा त्या कागदावरच होतं.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. गळती थांबल्यावर काही महिन्यांत कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे केस दिसतात, ते नवे असतात. खांद्यापर्यंत पोचायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतील, आणि तोवर वेणी टोकाकडे बारीकच दिसणार.