कोपर दोनवर की तीनवर?

के-मीन्स पद्धतीने माहितीचे गट पाडायचे, तर गट किती हे आधी आपणच सांगावे लागते. तो आकडा ठरवण्यासाठी बहुतेक जण एल्बो प्लॉट काढतात. आडव्या अक्षावर गटांची संख्या, उभ्या अक्षावर प्रत्येक नोंद आपल्या गटाच्या केंद्रापासून किती दूर आहे त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज. गट वाढले की ही बेरीज घटते. जिथे रेषा कोपरासारखी वळून सपाट होऊ लागते, तो आकडा घ्यायचा. पण कोपर दिसलेच नाही तर?

आयरिस फुलांची प्रसिद्ध माहिती घेऊ. रोनाल्ड फिशर यांनी 1936 साली ती वापरली. मोजमापे एडगर अँडरसन यांची. तीन जातींची प्रत्येकी 50 फुले, आणि प्रत्येक फुलाच्या पाकळीची व निदलाची लांबी-रुंदी. एकच गट धरला तर बेरीज येते सुमारे 681. दोन गटांना 152, तीनला 79, चारला 57, पाचला 46. आलेख एकपासून काढला तर पहिली घसरण एवढी मोठी, की कोपर ठळकपणे दोनवर दिसते. हेच आकडे दोनपासून पुढे काढले तर पट्टी बदलते आणि कोपर सरकते तीनवर! माहिती तीच, बदलली ती फक्त आलेखाची सुरुवात.

त्याहून वाईट म्हणजे, गट मुळात नसले तरी कोपर उमटते. एका रेषेवर एकसारखे पसरलेले असंख्य बिंदू घ्या. बेरीज गटसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: 100, 25, 11, 6. पाहणारा बिनदिक्कत दोनवर बोट ठेवेल.

म्हणून नुसत्या वळणावर विसंबू नये. टिबशिरानी, वॉल्थर आणि हेस्टी यांनी 2001 साली सुचवलेल्या गॅप स्टॅटिस्टिकमध्ये तेवढ्याच पसाऱ्यात यादृच्छिक बिंदू टाकतात आणि खरी बेरीज त्यांच्या बेरजेपेक्षा किती खाली आहे ते पाहतात. तुलनेला आधार मिळतो, नजरेचा खेळ उरत नाही. दुसरी कसोटी सिल्हुएट, पीटर रूसो यांची, 1987 मधली: नोंद स्वतःच्या गटाला किती जवळ आणि शेजारच्या गटाला किती, याचे -1 ते 1 मधले माप. आयरिससाठी त्याची सरासरी दोन गटांना 0.68, तीनला 0.55.

म्हणजे कसोटी दोन म्हणते, वनस्पतिशास्त्र तीन. तीन गट पाडून आत डोकावले की कारण कळते. सेटोसाची 50 फुले सगळीच्या सगळी एका गटात बसतात. उरलेले गट 62 आणि 38 फुलांचे. व्हर्जिनिकाची 14 फुले व्हर्सिकलरच्या गटात गेलेली, तर व्हर्सिकलरची 2 पलीकडे. या दोन जातींची मापे एकमेकांत मिसळतात, आणि नेमके तिथेच वळण बोथट होते. जातींची नावे आधी माहीत नसती, तर या मापांवरून तिसरा गट ठामपणे सांगता आला नसता.