बर्फाच्या ट्रेचा हिशेब

बारावीच्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, एन्ट्रॉपी आपोआप कमी होत नाही असं तुम्हीच शिकवलंत. मग फ्रीझरमधल्या ट्रेत बर्फ कसा होतो? पाण्यातले रेणू वाटेल तसे भटकतात, बर्फात ते रांगेत बसतात. म्हणजे एन्ट्रॉपी कमीच झाली ना? नियम मोडला की!"

शंका रास्त आहे. तिला दिलेलं उत्तर इथे थोडं ऐसपैस मांडतो.

तुझं निम्मं म्हणणं अगदी बरोबर आहे. बर्फाची एन्ट्रॉपी पाण्यापेक्षा कमी असते, त्यात काहीच वाद नाही. नियम मात्र तू अर्धाच लक्षात ठेवलास. एन्ट्रॉपी कमी होत नाही ती ज्याची बाहेरच्या जगाशी कसलीही देवाणघेवाण चालू नाही अशा बंदिस्त व्यवस्थेची. ट्रे काही तशी नाही. ती सतत उष्णता बाहेर सोडत असते.

या शंकेला वर्गात एक ठरीव उत्तर मिळतं: फ्रीज वीज खातो, म्हणून हे चालतं. ते खोटं नाही, पण मुद्द्याला बगल देतं. हिवाळ्यात लडाखमधलं पँगाँग सरोवर गोठतं, तेव्हा तिथे कुठला कॉम्प्रेसर चालू असतो? विजेचं नंतर बघू. आधी ट्रेजवळच थांबू.

ट्रेतल्या पाण्यात थर्मामीटरचं टोक बुडवून ठेव. पारा उतरत उतरत शून्याच्या आसपास येतो, आणि मग बराच वेळ शून्यावरच अडून बसतो. फ्रीझर तर थंडच आहे, उष्णता बाहेर जाणं थांबलेलं नाही; तरी तापमान हलत नाही. कारण रेणू एकमेकांशी घट्ट बांधले जाताना ऊर्जा मोकळी होते, आणि तीच त्या वेळी बाहेर पडत असते. पाठ्यपुस्तकात हिलाच अप्रकट उष्मा म्हटलंय. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल बाहेर टाकतं. ट्रेत पाव लिटर, म्हणजे २५० ग्रॅम पाणी धरू. सगळं गोठेपर्यंत ८३,५०० ज्यूल बाहेर गेले.

आता एन्ट्रॉपी. क्लॉसियसने १८६५मध्ये या राशीला नाव दिलं, आणि ती मोजायची त्याची रीत आपल्याला इथे पुरेशी आहे. तापमान स्थिर असताना जेवढी उष्णता आत आली किंवा बाहेर गेली, तिला त्या केल्विन तापमानाने भागायचं. पाणी गोठतं २७३ केल्विनला. ८३,५०० भागिले २७३, म्हणजे ३०६. ट्रेची एन्ट्रॉपी ३०६ ज्यूल प्रति केल्विन इतकी घटली. तुझा आक्षेप हाच होता. आता त्याला आकडा मिळाला.

पण ती उष्णता गेली फ्रीझरच्या आतल्या हवेत आणि भिंतींत, आणि तिथलं तापमान आहे उणे १८ अंश, म्हणजे २५५ केल्विन. तेच ८३,५०० आता २५५ने भागायचे. उत्तर येतं ३२७. ट्रेने ३०६ गमावले, फ्रीझरने ३२७ मिळवले. बेरीज अधिक २१.

उष्णता तीच, मग घट आणि वाढ वेगळी का? कारण भाजक वेगळा. शंभर रुपये पगाराच्या दिवशी खिशात आले तर जाणवतही नाहीत; महिनाअखेरीला तेच शंभर मोठे वाटतात. थंड वस्तूत मुळात ऊर्जेची चणचण असते, म्हणून तेवढ्याच उष्णतेने तिच्या रेणूंच्या संभाव्य मांडण्या जास्त पटीने वाढतात. ट्रेत रेणू शिस्तीत बसले खरे, पण त्याची किंमत बाहेरच्या रेणूंच्या वाढत्या थरथराटाने चुकती झाली, आणि वर थोडं उरलंही.

आता हाच हिशेब फ्रीझरऐवजी ५ अंशांच्या कप्प्यासाठी कर. २७८ने भागलं की ३०० येतात. ट्रेने ३०६ गमावले, कप्प्याने ३००च मिळवले. बेरीज उणे ६. म्हणून दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेलं पाणी कितीही वेळ ठेवलं तरी गोठत नाही. आणि भोवतालही बरोबर शून्य अंशावर असेल तर बेरीज शून्य येते: बर्फ आणि पाणी एकत्र नांदतात, दोघांपैकी कुणीच वाढत नाही. म्हणजे तुला नियम मोडल्यासारखा वाटला, पण पाणी शून्याखालीच का गोठतं हे तोच नियम सांगतो.

आता वीज. ट्रेमधून आलेली उष्णता फ्रीझरमध्ये साठून राहिली तर फ्रीझरच गरम होईल. ती स्वयंपाकघरात, समजा ३० अंशांच्या हवेत, नेऊन टाकावी लागते. थंडाकडून गरमाकडे उष्णता आपसूक जात नाही. त्यासाठी कॉम्प्रेसर हवा. आपल्या ८३,५०० ज्यूलसाठी कितीही उत्तम यंत्र बनवलं तरी त्याला किमान १५,७०० ज्यूल काम करावंच लागेल. ही मर्यादा कंपनीच्या कौशल्याची नाही, याच नियमाची आहे. घरातल्या फ्रीजला त्याच्या काही पट लागतं. आपण ५०,००० धरू. फ्रीजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघ, कोमट लागेल. ट्रेची उष्णता आणि विजेची ऊर्जा मिळून १,३३,५०० ज्यूल तिथून खोलीत पडतात. ३०३ने भागले की जवळपास ४४०. फ्रीझरचा आतला भाग पुन्हा होता तसाच झालेला असतो, म्हणून तो हिशेबातून गळतो. उरले ट्रेचे उणे ३०६ आणि खोलीचे अधिक ४४०. (पाणी ३० अंशांवरून शून्यापर्यंत उतरतं आणि नंतर बर्फ उणे १८पर्यंत जातो, ते टप्पे मी सोडून दिले आहेत. ते धरले तरी चिन्ह बदलत नाही.)

यावर तिने अडवलंच. "म्हणजे दर वेळी बाहेर कुणीतरी उष्णता घ्यायला हवं? कुणीच नसेल तर बर्फ होणारच नाही?"

होतो! सीलबंद शुद्ध पाण्याची प्लॅस्टिकची बाटली न हलवता फ्रीझरमध्ये ठेवली, तर कधी कधी ती शून्याखाली जाऊनही द्रवच राहते. बर्फाचा पहिला कण धरायला आधार लागतो, एखादा धूलिकण किंवा खरखरीत जागा. तो नसला की पाणी खोळंबतं. अशी उणे ८ अंशांची बाटली बाहेर काढून टेबलावर आपटली की डोळ्यांदेखत पांढरी जाळी वरून खाली पसरत जाते. हे दोन-चार सेकंदांत आटोपतं. तेवढ्यात बाहेरच्या हवेशी म्हणण्यासारखी देवाणघेवाण होत नाही, म्हणजे बाटली जवळपास बंदिस्तच. मग गोठताना सुटलेली उष्णता कुठे गेली? त्याच बाटलीतल्या पाण्यात. आत थर्मामीटर असेल तर तो उणे ८वरून शून्यावर उडी मारतो. बर्फ होताना पाणी तापतं!

एक किलो पाण्याचा हिशेब असा. सगळं पाणी उणे ८वरून शून्यावर यायला साधारण ३३,४०० ज्यूल लागतात, आणि तेवढे १०० ग्रॅम पाणी गोठलं की मिळतात. तापल्यामुळे एन्ट्रॉपी सुमारे १२४ने वाढली, गोठल्यामुळे १२२ने घटली. शिल्लक किरकोळ, पण अधिकच. म्हणूनच बाटलीत घट्ट बर्फ न होता लगदा होतो: दहावा हिस्सा गोठेपर्यंत उरलेलं पाणी शून्यावर येऊन पोहोचतं, आणि तिथून पुढे आणखी एक ग्रॅम गोठवायचा तर बेरजेत काहीच भर पडत नाही.