घसारा वगळला की आलेख काय दाखवतो

वर्षअखेरीला हिशेबनीस ताळेबंद पुढे ठेवतो. त्यात लाखभराचा तोटा असतो आणि कारखानदाराला तो तोटा काही केल्या सापडत नाही. पगार वेळेवर झाले, कच्च्या मालाची बिलं थकली नाहीत, चालू खात्यात वर्षाच्या सुरुवातीपेक्षा चार पैसे जास्तच आहेत. शेजारच्या गाळ्यात नेमकं उलटं असतं. कागदावर नफा, आणि दर महिन्याला बँकेचा हप्ता भरताना धावाधाव. दोघांचेही हिशेब बरोबर असू शकतात. हे कोडं उलगडतं ते ‘ब्रेक-इव्हन’च्या आलेखावर, पण त्यासाठी त्यावर नेहमीपेक्षा एक रेघ जास्त काढावी लागते.

एक नमुन्याचा कारखाना घेऊ. कोल्हापूर ओतकामासाठी प्रसिद्ध, तेव्हा तो तिथलाच समजू. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, दोन सीएनसी लेथवर त्याचं मशिनिंग करायचं आणि पंप बनवणाऱ्या कंपनीला द्यायचं, एवढाच धंदा. एका नगाला मशीनवर सहा मिनिटं लागतात. दोन पाळ्या आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर दोन्ही मशीन मिळून महिन्याला जास्तीत जास्त ८,००० नग निघतात. नगाचा भाव जीएसटी सोडून १२० रुपये. प्रत्येक नगामागे कास्टिंग, इन्सर्ट आणि कूलंट, मशीनची वीज, पॅकिंग आणि वाहतूक असे ८० रुपये जातात. म्हणजे नगामागे ४० रुपये उरतात.

हे ४० रुपये नफा नव्हेत. त्यांतून आधी महिन्याचे बांधलेले खर्च भागायचे असतात. शेडचं भाडं ४० हजार, ऑपरेटर आणि सुपरवायझरचे पगार १ लाख १० हजार, विमा, वीजबिलातला स्थिर आकार आणि हिशेबनिसाची फी मिळून २० हजार, आणि मालकाचं मानधन ३० हजार. (हे शेवटचं बरेच मालक धरतच नाहीत, जणू त्यांचं घर हवेवर चालतं.) बेरीज झाली २ लाख. हे सगळे रुपये दर महिन्याला खरोखर खिशातून बाहेर जातात.

यात घसारा आला नाही. दोन मशीन ४८ लाखांना घेतली, सात वर्षं चालतील आणि शेवटी भंगारात ६ लाख येतील असं धरलं, तर ४२ लाख रुपये ८४ महिन्यांत झिजायचे. महिन्याला ५० हजार. हा खर्च खोटा नाही, पण तो या महिन्यात कोणाला द्यायचा नसतो. मशीन आणली त्या दिवशीच सगळे पैसे दिले गेले. आता हिशेबनीस त्या एका मोठ्या खर्चाचे तुकडे पाडून महिन्यामहिन्यावर टाकतो, इतकंच.

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर नग, एका सेंटिमीटरला हजार. उभ्या अक्षावर रुपये, एका सेंटिमीटरला एक लाख. विक्रीची रेघ कोपऱ्यातल्या शून्यापासून निघते आणि ८,००० नगांवर ९ लाख ६० हजारांपर्यंत चढते. एकूण खर्चाची रेघ शून्यातून निघत नाही. एकही नग निघाला नाही तरी २ लाख अधिक ५० हजार खर्च आहेच, म्हणून ती अडीच सेंटिमीटरवरून सुरू होते आणि ८,००० नगांवर ८ लाख ९० हजारांना पोचते. या दोन रेघा ६,२५० नगांवर, साडेसात लाख रुपयांच्या उंचीवर एकमेकींना छेदतात. हा नेहमीचा ना-नफा-ना-तोटा बिंदू. आकडेमोडही तेच सांगते: अडीच लाख भागिले ४०.

तिसरी रेघ काढायची ती रोख खर्चाची. ती घसारा सोडून, म्हणजे दोन सेंटिमीटरवरून निघते आणि एकूण खर्चाच्या रेघेला समांतर, तिच्या अर्धा सेंटिमीटर खालून चालते. विक्रीच्या रेघेला ती आधीच गाठते, ५,००० नगांवर, ६ लाखांच्या उंचीला. हा रोख ब्रेक-इव्हन बिंदू. त्याच्या डावीकडे धंदा दर महिन्याला शिल्लक खातो, उजवीकडे शिल्लक वाढवतो.

खरी गंमत ५,००० आणि ६,२५० यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. समजा कारखाना महिन्याला ६,००० नग विकतो. कागदावर ६,००० पाशी उभी रेघ मारा. विक्री ७ लाख २० हजार, एकूण खर्च ७ लाख ३० हजार, रोख खर्च ६ लाख ८० हजार. पुस्तकात १० हजारांचा तोटा आणि हातात ४० हजारांची भर, दोन्ही एकाच महिन्यात. वर्षाचा तोटा १ लाख २० हजार. सुरुवातीला ज्याला तोटा सापडत नव्हता, तो मालक याच पट्ट्यात उभा आहे.

मग तो सुखरूप आहे का? सात वर्षं तो तिथेच राहिला, तर ८४ महिन्यांत त्याच्याकडे ३३ लाख ६० हजार साठतील. मशीन झिजली ती ४२ लाखांनी. कमी पडतात ८ लाख ४० हजार, म्हणजेच महिन्याच्या १० हजारांच्या तोट्याची चौऱ्याऐंशी महिन्यांची बेरीज. ताळेबंदातला तोटा हवेत नव्हता, तो सातव्या वर्षी पैसे मागायला येणार होता. शिवाय नवी मशीन जुन्या भावाला मिळत नाही, आणि साठलेले पैसे मधल्या काळात घराच्या स्लॅबला किंवा लग्नाला लागलेले असतात. मंदीचे काही महिने तग धरता येईल का, एवढंच रोख बिंदू सांगतो. धंदा टिकेल की नाही, हे तो सांगत नाही.

एका बाबतीत मात्र तो जास्त भरवशाचा. घसारा किती धरायचा हे पद्धतीवर ठरतं. आयकरात साधारण यंत्रसामग्रीवर घटत्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. तो दर लावला तर पहिल्या वर्षी ७ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ६० हजार होतात आणि ना-नफा-ना-तोटा बिंदू ६,२५० वरून ६,५०० वर सरकतो. कारखान्यात काहीही बदललेलं नसतं. रोख बिंदू मात्र ५,००० वरून हलत नाही. म्हणून कोणी ब्रेक-इव्हनचा आकडा दाखवला, की त्यात घसारा कोणत्या पद्धतीने धरला आहे ते आधी विचारावं.

या आकड्याचा सर्वांत मोठा गैरवापर भाव ठरवताना होतो. खरेदीदार म्हणतो, ११० रुपयांत द्या. मालक मनात म्हणतो, मशीन तर उभीच आहे, तिचा कसला खर्च? नगामागे आता ४० ऐवजी ३० रुपये उरतात. रोख बिंदू जातो ६,६६७ नगांवर, आवाक्यात. पण एकूण खर्चाचा बिंदू पोचतो ८,३३३ वर, आणि कारखान्याची ताकद ८,००० ची. आलेखावर विक्रीची रेघ खाली झुकते आणि तो छेद कागदाच्या उजव्या कडेबाहेर निघून जातो. सगळी मशीन, सगळ्या पाळ्या भरून चालवल्या तरी या भावात नफा नाही. रिकाम्या तासांत एखादी जादा ऑर्डर या भावाने घेतली, तर ती रोख घालते. रोजचाच माल या भावाने गेला, तर मालक मशीनच विकत असतो, महिन्याला थोडी थोडी.

आतापर्यंत मशीन स्वतःच्या पैशाची धरली होती. बहुतेकांची तशी नसते. ४८ लाखांपैकी १२ लाख स्वतःचे आणि ३६ लाखांचं मुदतकर्ज, १० टक्के व्याजाने, पाच वर्षांत समान मुद्दल फेडायचं, असं धरू. पहिल्या महिन्यात व्याज ३० हजार आणि मुद्दल ६० हजार. व्याज खर्चात धरलं जातं, त्यामुळे पुस्तकी बिंदू ७,००० वर आणि घसारा वगळलेला रोख बिंदू ५,७५० वर जातो. मुद्दल मात्र नफातोटा पत्रकात कुठेच दिसत नाही, कारण कर्ज फेडणं हा खर्च नव्हे. बँक ते खात्यातून वळतं करून घेतेच. ते धरलं तर महिन्याला २ लाख ९० हजार बाहेर जातात आणि खरोखर हात कोरडे पडायचे थांबतात ते ७,२५० नगांवर.

पुस्तकी बिंदूच्याही पुढे! घसारा वगळला की बिंदू नेहमी डावीकडे सरकतो, असं पाठ्यपुस्तकं शिकवतात. हप्ता असलेल्या कारखान्यात तो उजवीकडेही जाऊ शकतो. कारण साधं आहे. मशीन सात वर्षांत झिजते, पण बँक आपलं मुद्दल पाच वर्षांत परत घेते. महिन्याला ७,१०० नग विकणारा शेजारी पुस्तकात ४ हजार कमावतो आणि खात्यात ६ हजारांनी कमी पडतो. दर महिन्याला व्याज थोडं थोडं उतरतं, त्यामुळे ही ओढाताण हळूहळू सैल होते आणि पाच वर्षांनी संपते. शेवटची दोन वर्षं हप्त्याविना असतात. पुढच्या मशीनचे पैसे बाजूला टाकायचा काळ खरा तोच.

बँकेला हे सगळं ठाऊक असतं. प्रोजेक्ट रिपोर्टमधलं डीएससीआर हे गुणोत्तर काढताना ती नफ्यात घसारा आणि व्याज परत मिळवते आणि त्या बेरजेला व्याज अधिक मुद्दलाने भागते. आयकर बाजूला ठेवला, तर आपल्या कारखान्यात ७,२५० नगांवर उत्तर बरोबर १ येतं. पूर्ण ८,००० नगांवरही ते १.३३ च्या वर जात नाही. कर्ज मंजूर करताना साहेब कपाळाला आठ्या का घालतो, ते इथे कळतं.

या आलेखाची एक उणीव मात्र कोणतीही रेघ भरून काढत नाही. माल विकला त्याच दिवशी पैसे आले, असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात ६,००० नगांची ७ लाख २० हजारांची विक्री दोन महिन्यांच्या उधारीवर असेल, तर १४ लाख ४० हजार रुपये कायम बाजारात अडकलेले असतात, आणि त्या बिलांवरचा जीएसटी पैसे यायच्या आधीच भरावा लागतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो, आणि त्यासाठी उद्यम नोंदणी करून ठेवणं मालकाच्याच फायद्याचं आहे.

आपल्या कारखान्याचा आलेख काढायचा असेल, तर हिशेबनिसाकडून महिन्याचा घसारा आणि बँकेच्या परतफेडीच्या पत्रकातून महिन्याचं मुद्दल, हे दोन आकडे वेगवेगळे मागून घ्या. मुद्दल मोठं निघालं, तर भाव ठरवताना रोख बिंदू म्हणून त्याच्यासकटचाच बिंदू धरा.