लाली रंगवलेली का दिसते?

समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रसंगात स्टंट करणाऱ्याच्या जागी नायकाचा चेहरा बसवायचा आहे. स्टंटवाल्याचे नाक आणि गाल उन्हाने लालबुंद झालेले, नायकाचा चेहरा मात्र स्टुडिओत टिपलेला. सोपा वाटणारा उपाय म्हणजे पूर्ण चेहऱ्याचा सरासरी रंग जुळवून घेणे. पण मग डोळ्यांचे पांढरे आणि दातही गुलाबी होतात, म्हणून ते आधी मास्कने वगळावे लागतात.

खरी गोम रक्तात आहे. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषते, तांबडा फार कमी. म्हणजे लाल झालेली त्वचा तांबडी उजळत नाही, तिच्यातला हिरवा कमी होतो. तांबडा वाढवला की गाल चमकतो आणि रंग फासल्यासारखा दिसतो. म्हणून हिरव्या चॅनेलची पातळी थोडी खाली आणायची, निळ्याची त्याहून कमी आणि तांबड्याला जवळजवळ हात लावायचा नाही.

लालीचा नकाशा स्टंटवाल्याच्या चेहऱ्यावरून घ्यावा, पण तो आधी इतका धूसर करावा की त्याची रंध्रे उरणार नाहीत. रंध्रे, तीळ, सुरकुत्या नायकाच्याच राहिल्या पाहिजेत. मात्र धूसर करताना गॉगलखाली उन्हापासून वाचलेल्या त्वचेची कडाही विरघळते. ती स्वतंत्र मास्कने परत आणावी. लाजेच्या लालीला अशी कडा नसते.

शेवटी फक्त हिरवे चॅनेल कृष्णधवल करून पाहावे. गालावर सपाट, डागाविना पट्टा दिसला, तर लाली अजून वर तरंगते आहे.