रिझ्युमेत ‘ऑक्युपन्सी ८४ टक्के’ लिहिलंय, पण मुलाखतीत पुढचा प्रश्न काय येणार?

घोडबंदर रोड, माजिवडा, कोलशेत या पट्ट्यात टॉवर वाढले, तशी हॉस्पिटलंही वाढली. त्यांच्या ‘ऑपरेशन्स मॅनेजर’च्या जाहिरातींत तीन गोष्टी हमखास मागितल्या जातात: एनएबीएचचा अनुभव, बिलिंग सिस्टीमची माहिती आणि बेड मॅनेजमेंट. म्हणून रिझ्युमेतही याच तीन ओळी असतात. पण समोरचा माणूस त्या सुट्या सुट्या वाचत नाही. तो एका ओळीवरून दुसरी तपासतो.

उदाहरण घेऊ. समजा, कोलशेतला राहणारी एक हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. सध्याचं हॉस्पिटल १२० खाटांचं. तिने लिहिलंय, “बेड ऑक्युपन्सी ७२ वरून ८४ टक्क्यांवर नेली. महिन्याला ६०० डिस्चार्ज. डिस्चार्जचा वेळ ७ तासांवरून ४ तासांवर आणला.” वाचायला झकास आहे ना?

आता गणित करू. १२० खाटा आणि ३० दिवस म्हणजे महिन्याला ३,६०० ‘बेड-डे’. त्यातले ८४ टक्के म्हणजे ३,०२४. त्याला ६०० डिस्चार्जने भागलं, की एक पेशंट सरासरी ५ दिवस राहिला असं उत्तर येतं.

मग मुलाखतीत प्रश्न येतो, “ऑक्युपन्सी ७२ टक्के होती तेव्हा डिस्चार्ज किती होते?” ती म्हणाली, “साधारण ५१५,” तर तेव्हाही मुक्काम ५ दिवसांचाच होता. म्हणजे पेशंट खरोखर वाढले. पण ती म्हणाली, “तेव्हाही ६००च,” तर आधीचा मुक्काम ४.३ दिवसांचा निघतो. पेशंट तेवढेच, फक्त प्रत्येक जण जास्त दिवस खाटेवर. केसेस जास्त गंभीर होत गेल्या असतील तर ते समजण्यासारखं आहे. नसतील, तर खाटा अडकून पडल्या होत्या, आणि रिझ्युमेत तेच यश म्हणून छापलंय!

डिस्चार्जचा वेळ कमी केला म्हणून ऑक्युपन्सी वाढली, असंही बरेच जण सांगतात. पण ऑक्युपन्सीची मोजणी बहुतेक ठिकाणी मध्यरात्री होते. पेशंट दुपारी १ वाजता गेला काय किंवा संध्याकाळी ६ ला, त्या रात्रीच्या मोजणीत तो नसतोच. वाचलेले तास दिसतात ते दुसरीकडे, म्हणजे इमर्जन्सीत खाटेची वाट बघणाऱ्यांच्या वेळेत. तो आकडा रिझ्युमेत क्वचितच सापडतो.

आता ‘४ तास’ म्हणजे कुठून कुठपर्यंत? एनएबीएचच्या हिशोबात घड्याळ सुरू होतं कन्सल्टंटने डिस्चार्ज मंजूर केल्यावर आणि थांबतं पेशंट वॉर्डातून बाहेर पडल्यावर. काही ठिकाणी मात्र बिल तयार झाल्यापासून मोजतात, मग आकडा आपोआप गोंडस होतो.

खरं तर बराच वेळ बिल तयार होण्याआधीच जातो. उरलेली औषधं फार्मसीला परत करून त्यांची एन्ट्री व्हायची असते, ओटीतलं सामान चढवायचं राहिलेलं असतं, डिस्चार्ज समरी सहीसाठी अडकलेली असते. त्यानंतर कॅशलेस असेल तर फाइल विमा कंपनीकडे जाते. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. पण ते ३ तास फाइल गेल्यावर सुरू होतात. फाइल जाईपर्यंतचा वेळ हॉस्पिटलचा, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं कसब तिथे दिसतं. म्हणून “नवी बिलिंग सिस्टीम बसवली” यापेक्षा “रोजचं बिल रोज चढवायला लावलं, त्यामुळे शेवटच्या दिवशीच्या एन्ट्री कमी झाल्या” ही ओळ भारी ठरते. कॅश आणि कॅशलेस यांचे आकडे वेगळे दिले तर अजून बरं, कारण एकत्र सरासरीत कॅशलेसवाल्यांची रखडपट्टी लपून जाते.

एनएबीएचचं थोडक्यात सांगायचं तर “एनएबीएच हॉस्पिटलमध्ये काम केलं” ही माहिती हॉस्पिटलची झाली, तुमची नाही. एन्ट्री लेव्हल सर्टिफिकेशन आणि पूर्ण अ‍ॅक्रेडिटेशन या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, त्यातली कोणती ते लिहावं. कुठला चॅप्टर तुमच्याकडे होता, असेसरने कोणती त्रुटी काढली आणि ती कशी बंद केली, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

कोविडच्या ओळीचंही तसंच. २०२० मध्ये कोलशेतच्या शेजारी बाळकुममध्ये सुमारे हजार खाटांचं तात्पुरतं कोविड हॉस्पिटल उभं राहिलं होतं. अशा ठिकाणी काम केलेल्यांनी खाटांची संख्या लिहून थांबू नये. ऑक्सिजनची खाट कोणाला, आयसीयूतली कोणाला आणि हा निर्णय कोणत्या यादीवरून व्हायचा, हे लिहावं.

आपल्या उदाहरणातल्या बाईंचे डिस्चार्ज खरंच ५१५ वरून ६०० झाले असतील, तर त्यांची ओळ अशी हवी: “१२० खाटा. सरासरी मुक्काम ५ दिवसांवर कायम ठेवून महिन्याचे डिस्चार्ज ५१५ वरून ६००. कन्सल्टंटच्या मंजुरीपासून वॉर्ड सोडेपर्यंतचा वेळ ७ वरून ४ तास, कॅश आणि कॅशलेस वेगळे मोजून.” ऑक्युपन्सी लिहिली नाही तरी चालेल. ती समोरचा स्वतः काढतो.