दुसऱ्याच्या प्रस्तावनेचा संदर्भ

ग्रंथाला मूळ लेखकाखेरीज अन्य कोणी प्रस्तावना लिहिली असेल आणि अभ्यासकाने त्या प्रस्तावनेतील विधान उद्धृत केले असेल, तर संदर्भनोंद प्रस्तावनाकाराच्या नावाने सुरू होते. हे पथ्य न पाळल्यास काय घडते, हे फ्रांत्झ फॅनन यांच्या 'द रेचेड ऑफ द अर्थ' या ग्रंथाच्या बाबतीत स्पष्ट दिसते. मूळ फ्रेंच ग्रंथ १९६१ मध्ये ज्याँ-पॉल सार्त्र यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. वसाहतींतील हिंसेविषयी सार्त्र यांची भाषा फॅनन यांच्याहून अधिक प्रखर असून, हिंसेच्या गौरवात सार्त्र फॅनन यांच्याही पुढे जातात, हे हॅना आरेंट यांनी नोंदवले आहे. अशा वेळी प्रस्तावनेतील वाक्य 'फॅनन, १९६१' एवढ्याच खुणेने दिले, तर एका विचारवंताचे मत दुसऱ्याच्या माथी मारले जाते, आणि मुखपृष्ठावर फॅनन यांचेच नाव ठळक असल्याने ही चूक वाचकाच्या सहसा लक्षातही येत नाही.

रिचर्ड फिलकॉक्स यांच्या २००४ च्या इंग्रजी अनुवादातील सार्त्र यांचे विधान घेतल्यास नोंदीत प्रथम सार्त्र यांचे नाव येते. त्यानंतर 'प्रस्तावना' हा शब्द, मग ग्रंथाचे नाव, 'लेखक' या निर्देशासह फॅनन, 'अनुवादक' या निर्देशासह फिलकॉक्स, आणि शेवटी प्रकाशक, वर्ष व पृष्ठे असा क्रम राहतो. मात्र या आवृत्तीत सार्त्र यांच्या आधी होमी भाभा यांचेही प्रास्ताविक आहे, त्यामुळे कोणत्या लेखनाचा आधार घेतला, हे शीर्षक व पृष्ठे तपासूनच ठरवावे लागते. ग्रंथाच्या मुख्य मजकुराआधीची पाने बहुधा रोमन अंकांनी मोजली जातात. ते अंक नोंदीतही रोमनच ठेवणे आवश्यक असते, कारण रोमन त्रेचाळीसचे साधे '४३' केले की वाचक सार्त्र यांच्याकडे न जाता फॅनन यांच्या मजकुरातील त्रेचाळिसाव्या पानावर पोहोचतो. त्याच लेखात फॅनन यांच्या मजकुरातूनही अवतरण घेतले असेल, तर फॅनन यांच्या नावाची वेगळी नोंद करणे इष्ट.

आवृत्तीचा उल्लेख येथे केवळ औपचारिक नाही. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी सार्त्र यांनी इस्रायलचा पक्ष घेतल्यामुळे फॅनन यांच्या पत्नी जोसी यांनी ही प्रस्तावना वगळण्याचा आग्रह धरला आणि त्यानंतरच्या फ्रेंच आवृत्तीतून ती गाळली गेली. म्हणून आवृत्तीचे वर्ष न देता केलेला निर्देश पडताळण्यासाठी एखाद्याने ती फ्रेंच आवृत्ती उघडली, तर सार्त्र यांचे एकही वाक्य त्याच्या हाती लागणार नाही.